फडात जन्मलेल्या लेकरांच्या नोंदीबद्दल, जिल्हाधिकारी आणि जन्म-मृत्यू निबंधकांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातील सर्व जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी आणि जन्म-मृत्यू निबंधक

सप्रेम नमस्कार.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ऊसतोड कुटुंबांची कागदपत्रं करून देते. शिधापत्रिका, आधार, जातीचा दाखला, शाळेचा प्रवेश, जे अडेल ते. या सगळ्यांत जास्त अडतो तो जन्माचा दाखला. तो कायद्यात तरतूद नाही म्हणून अडत नाही. तरतूद आहे, चांगली आहे, आणि तिचा वापर तुमच्याच हातात आहे. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे.

एकाच घरातल्या दोन लेकरांचं सांगते. नावं सांगत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमारास कृष्णाकाठच्या कारखान्यावर जायचं आणि पट्टा पडून हंगाम संपला की मार्च-एप्रिलला परत यायचं, असा त्यांचा वर्षाचा क्रम. मोठी मुलगी २०१८ च्या डिसेंबरात तिकडच्या एका सरकारी दवाखान्यात झाली. तिची नोंद आहे, दाखलाही आहे, पण दाखल्यावर आईचं नाव चुकलेलं आहे. धाकटा मुलगा २०२३ च्या जानेवारीत फडाशेजारच्या कोपीत झाला. त्याची नोंद कुठेच नाही.

ही दोन वेगळी कामं आहेत. एक दुरुस्तीचं, एक नव्या नोंदीचं. पण दोन्ही एकाच ठिकाणी जाऊन अडतात, कारण जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ प्रमाणे जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथल्याच निबंधकाकडे होते आणि तिच्यातली दुरुस्तीही तोच निबंधक करतो. हा नियम योग्य आहे. राहत्या गावी नोंद करायची मुभा दिली तर एकाच बाळाच्या दोन-दोन नोंदी होतील आणि नोंदीवरचा भरवसाच उडेल. माझं म्हणणं नियम बदला असं नाही. जी माणसं वर्षातले पाच-सहा महिने दुसऱ्या जिल्ह्यात राबतात, त्यांच्यासाठी हा नियम राबवायचा कसा, एवढ्यापुरतंच माझं बोलणं आहे.

आधी मुलाचं.

त्याची आई तारीख अगदी नेमकी सांगते: "झेंडावंदनाच्या दुसऱ्या दिवशी, पहाटं गाड्या भरायला निघायच्या वक्ताला." म्हणजे २७ जानेवारी २०२३. टोळीतल्याच एका म्हाताऱ्या बाईनं बाळंतपण केलं. आठवडाभरानं तिथली आशाताई कोप्यांवर आली, तिनं बाळ-बाळंतिणीला उपकेंद्रात नेलं आणि तिथे बाळाला बीसीजीची लस दिली गेली. आईच्या माता-बाल संरक्षण कार्डावर ती तारीख आहे: ३ फेब्रुवारी २०२३. मात्र जन्माची खबर ग्रामपंचायतीत कुणीच दिली नाही. लसीची नोंद झाली म्हणजे जन्माचीही झाली, असं घरच्यांना वाटलं. आशाताईला वाटलं असणार की ती घरच्यांनी दिली.

कायद्याप्रमाणे खबर २१ दिवसांत द्यायची असते. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत थोडं विलंब शुल्क भरून काम होतं. ३० दिवसांपासून एक वर्षापर्यंत वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटलं की कलम १३ (३) लागू होतं आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय निबंधक नोंद करू शकत नाही. हे कुटुंब मार्चअखेर गावी परतलं तेव्हा बाळ दोन महिन्यांचं होतं. त्या वेळी एका शपथपत्रावर आणि एका परवानगीवर काम झालं असतं. ते गावच्या ग्रामपंचायतीत गेले. उत्तर मिळालं, "जन्म इथला नाही, तिकडं जा." उत्तर बरोबरच होतं. पण तिकडं म्हणजे कोणाकडे, किती दिवसांच्या आत, काय घेऊन, यातलं काहीही कुणी सांगितलं नाही. तिकडं जायचं तर दोघांची मजुरी बुडते, एसटीचं भाडं वेगळं, आणि ज्या गावात आपलं कुणी नाही तिथे बोलायचं कोणाशी? त्यांनी ठरवलं, पुढच्या हंगामात जाऊच ना तिकडं, तेव्हा करू. पुढच्या हंगामात मुकादमानं टोळी कर्नाटकातल्या कारखान्याला लावली. २७ जानेवारी २०२४ आला आणि गेला.

वर्ष उलटलं त्याच्या आधीच कायदा बदलला होता. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं कलम १३ (३) मधला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा अधिकार काढून तो जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हादंडाधिकाऱ्यांनी प्राधिकृत केलेले कार्यकारी दंडाधिकारी यांना दिला. जन्माचं ठिकाण ज्यांच्या हद्दीत येतं, त्यांनाच. म्हणजे आता कोर्टात अर्ज करायचा नाही, वकील लावायचा नाही. गरिबाच्या दृष्टीनं ही मोठी सोय आहे. तरी अजूनही काही ठिकाणी खिडकीवर "कोर्टाचा आदेश आणा" असंच सांगितलं जातं आणि लोक तेच धरून वकिलाकडे जातात. निबंधकांना माझी विनंती आहे, आपल्या कार्यालयातल्या शेवटच्या कर्मचाऱ्यापर्यंत हा बदल पोचला आहे का, ते स्वतः बघा.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. नायब तहसीलदारांनी दिलेले विलंबित नोंदीचे आदेश अधिकार नसताना दिले म्हणून रद्द करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. मार्च २०२५ च्या शासन निर्णयानंतर पडताळणी कडक झाली आणि पोलिसांचा अभिप्राय घ्यावा लागतो. खोट्या नोंदी होऊ नयेत याबद्दल माझं दुमत नाही. खोट्या नोंदीचा फटका शेवटी खऱ्या माणसालाच बसतो. पण पडताळणी होते कशी, ते पाहा. अर्जात जन्माचं ठिकाण लिहिलेलं असतं: अमुक गाव, अमुक शेतकऱ्याच्या रानातली कोपी. पोलीस कर्मचारी जुलैत किंवा ऑगस्टमध्ये त्या गावी जातो. तिथे कोपी नसते, टोळी नसते, रानात दुसरं पीक उभं असतं. अहवाल येतो, "सदर पत्त्यावर अर्जदाराचे कुटुंब वास्तव्यास आढळून आले नाही." या एका ओळीवर अर्ज निकाली निघतो. अहवालातलं वाक्य खोटं नाही, पण प्रश्नच चुकीचा विचारलेला आहे. हे कुटुंब आज तिथे राहतं का, हे तपासायचंच नाही. २०२३ च्या जानेवारीत ते तिथे होतं का आणि त्या बाईला तिथे मूल झालं का, हे तपासायचं आहे.

आणि हे तपासता येतं. कोपीत झालेल्या जन्माचा पुरावा नसतो असं जे सर्रास म्हटलं जातं, ते मला मान्य नाही. पुरावा असतो, फक्त तो एका कागदावर नसतो. या मुलाच्या बाबतीत मी काय जमवलं ते सांगते.

पहिला कागद आईचं माता-बाल संरक्षण कार्ड. ते तिच्या गावच्या उपकेंद्रात गरोदरपणीच मिळालेलं, म्हणजे जन्माच्या आधीचं. त्यात शेवटच्या पाळीची तारीख २ मे २०२२ आणि प्रसूतीची अपेक्षित तारीख ९ फेब्रुवारी २०२३ लिहिलेली आहे. मूल २७ जानेवारीला झालं, म्हणजे अंदाजापेक्षा तेरा दिवस आधी. इतका फरक नेहमीच पडतो. याच कार्डावर पुढे कृष्णाकाठच्या उपकेंद्रातल्या लसीची नोंद आहे, तिथल्या आरोग्यसेविकेच्या सहीनिशी. एका कार्डावर दोन जिल्ह्यांच्या नोंदी, आणि मधल्या काळात जन्म. याहून बोलका कागद मला माहीत नाही. हे कार्ड बघताना एकच पथ्य पाळा. लसीची तारीख आणि जन्माची तारीख एकमेकींशी जुळतात का, आणि शाई-अक्षर त्या-त्या उपकेंद्राचं आहे का, ते पाहा. शंका आली तर उपकेंद्राच्या लसीकरण नोंदवहीत तीच नोंद सापडते का ते विचारा. खोटं कार्ड तिथे लगेच उघडं पडतं.

दुसरा पुरावा टोळीचा. टोळी किंवा वाहनाचा करार कारखान्याकडे असतो, आणि उसाच्या प्रत्येक खेपेच्या वजनाच्या पावतीवर तारीख, वाहन आणि ऊस कोणाचा हे असतं. जानेवारी २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात ही टोळी कोणत्या गावचा ऊस तोडत होती, हे कारखान्याच्या शेतकी विभागातून कळतं. मुकादमानं पावत्या जपून ठेवल्या होत्या, त्यातून गाव ठरलं. तिसरा पुरावा माणसांचा: ज्याच्या रानात कोप्या होत्या तो शेतकरी, बाळंतपण करणारी बाई, आशाताई. पोलिसांनी जबाब घ्यायचे ते यांचे. अर्जदाराच्या शेजाऱ्यांचे नव्हेत, कारण तिथे त्याला शेजारीच नाहीत.

यासोबत आम्ही दोन्हीकडचे अनुपलब्धता दाखले लावले. जन्मगावच्या निबंधकाकडचा, कारण नोंद तिथे व्हायला हवी होती आणि झाली नाही. आणि राहत्या गावचा, कारण दुबार नोंद झालेली नाही हे दिसावं. दुसरा कुणी मागितला नव्हता. पण तो लावल्यानं दंडाधिकाऱ्यांची मुख्य शंका अर्जातच मिटते, असा माझा अनुभव आहे. अर्जदारांनीही हे लक्षात ठेवावं.

एक गोष्ट आणखी सांगितली पाहिजे, कारण ती मला वारंवार दिसते. तिकडं जाणं जमत नाही म्हणून एजंट लोकांना सुचवतो, "जन्म गावातच झाला असं लिहू, दोन साक्षीदार मिळतील." लोक बापुडे हो म्हणतात. मग गावच्या नोंदवहीत जन्मस्थान खोटं लागतं. आईच्या कार्डावर लस कृष्णाकाठची आणि जन्म बीडचा. पुढे कधीही तपासणी झाली की ही नोंद उघडी पडते, आणि अयोग्य रीतीने केलेली म्हणून कलम १५ खाली रद्द होऊ शकते. तेव्हा मुलगा किंवा मुलगी मोठी झालेली असते आणि त्या दाखल्यावर काढलेला प्रत्येक कागद डळमळतो. म्हणून मी कुणाला जन्मस्थान बदलून लिहू देत नाही. अर्जाच्या नमुन्यात आई-वडिलांचा कायमचा पत्ता लिहायला वेगळी जागा आहे. आपलं गाव तिथे लिहावं. जन्मस्थान मात्र जिथे जन्म झाला तेच.

आता मुलीचं.

तिच्या दाखल्यावर वडिलांचं नाव, तारीख, ठिकाण, सगळं बरोबर आहे. आईच्या जागी माहेरचं नाव आहे. आपल्याकडे लग्नात मुलीचं नुसतं आडनावच नव्हे, तर पहिलं नावही बदलायची रीत कित्येक घरांत आहे. समजा, माहेरची सुनीता सासरी रेखा झाली. शिधापत्रिकेवर रेखा, मतदार ओळखपत्रावर रेखा, आधारवर रेखा. बाळंतपणाच्या वेळी कळा सुरू झालेल्या, सोबत तिचा भाऊ होता. तोही त्याच टोळीत. दवाखान्यात नाव विचारलं, त्यानं बहिणीला ज्या नावानं हाक मारतो ते सांगितलं. केसपेपरवर तेच लागलं, तिथून जन्माच्या खबरीवर, तिथून नोंदवहीत, तिथून दाखल्यावर.

मुलगी पहिलीत गेली तेव्हा दाखला, आईचं आधार आणि शाळेचं रजिस्टर यांचा मेळ बसेना. शाळेनं प्रवेश अडवला नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून बालकाला प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १४ मध्ये स्पष्ट आहे. पण आधारची दुरुस्ती अडली, आणि ती अडली की पुढचं सगळं अडतं. आणि हे दिवसेंदिवस जास्त बोचणार आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या पूर्ण नावात आईचं नाव घालायचा निर्णय राज्यानं घेतला. निर्णय चांगलाच आहे. मात्र यापुढे आईचं नाव चुकलं तर मुलाचं स्वतःचं नावच चुकणार आहे.

दुरुस्ती मागायला गेलं की निरनिराळी उत्तरं मिळतात. कुणी म्हणतं राजपत्रात नाव बदलून आणा, कुणी म्हणतं कोर्टाचा हुकूम आणा, कुणी म्हणतं जुनी नोंद रद्द करून नवी करा. तिन्ही उत्तरं या प्रकरणाला लागू नाहीत, आणि ती का नाहीत हे निबंधकांनी समजून घ्यावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

राजपत्र नाव बदलण्यासाठी असतं. या बाईला २०१८ नंतर नाव बदलायचं नाही. तिचं नाव मुलीच्या जन्माआधीच बदललं होतं. नोंदीच्या दिवशीच नोंद चुकीची होती. कलम १५ म्हणतं, नोंद रूपात किंवा आशयात चुकली आहे असं निबंधकाचं समाधान झालं, तर त्यानं मूळ नोंदीला हात न लावता समासात दुरुस्ती लिहावी आणि तारीख घालून सही करावी. हा अधिकार निबंधकाचा आहे, कोर्टाचा हुकूम त्यासाठी लागत नाही. नोंद रद्द करून नवी करणं तर साफ चूक, कारण नवी नोंद विलंबित ठरते आणि मग मुलीलाही भावासारखी कलम १३ (३) ची वाट चालावी लागते. हातात असलेली २०१८ ची वेळेवर झालेली नोंद गमावून ती का चालायची?

राज्याच्या २००० सालच्या नियमांत दोन प्रकारच्या चुका वेगळ्या काढल्या आहेत. एक लेखनिकाची किंवा नमुन्यातली चूक. ती निबंधकानं चौकशी करून दुरुस्त करायची. दुसरी आशयाची चूक. तिच्यासाठी चूक काय आणि खरं काय हे सांगणारं, प्रकरणाची माहिती असलेल्या दोन विश्वासार्ह व्यक्तींचं निवेदन लागतं. म्हणून अर्ज हातात आला की निबंधकांनी पहिल्यांदा एकच गोष्ट करावी: जन्माची मूळ खबर काढून बघावी. खबरीवर रेखा आणि नोंदवहीत सुनीता असेल, तर उतरवताना झालेली चूक आहे, तिथल्या तिथे मिटते. खबरीवरच सुनीता असेल, तर चूक दवाखान्यातून आली. मग दवाखान्याची प्रसूती नोंदवही, केसपेपर आणि दोघांचं निवेदन लागेल. या मुलीच्या बाबतीत दुसरा प्रकार होता. अर्जदाराला हे सांगितलं की तो योग्य कागद शोधायला तरी लागतो. नाहीतर तो आधार कार्डाच्या झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन हेलपाटे मारत बसतो.

कागद कोणते मानायचे याचीही एक साधी कसोटी आहे. जन्माच्या आधी तयार झालेला कागद मोलाचा, नंतर झालेला कमी मोलाचा. आज काढलेलं आधार, आज केलेलं शपथपत्र यांनी २०१८ मध्ये त्या बाईचं नाव काय होतं हे सिद्ध होत नाही. २०१५ च्या मतदार यादीत सासरच्या गावी, नवऱ्याच्या नावापुढे रेखा हे नाव असेल, तर ते सिद्ध होतं. तिच्या माहेरच्या शाळेच्या दाखल्यावर सुनीता आणि लग्नपत्रिकेवर दोन्ही नावं असतील, तर ही दोन नावांची एकच बाई आहे हेही सिद्ध होतं. आम्हाला जुनी शिधापत्रिका सापडली, तिच्या खालच्या ओळीत सुनेचं नाव चढवल्याची तारीख २०१६ ची. त्यावर काम झालं. निवेदन देणाऱ्या दोघांत तिचा तो भाऊ होता, ज्यानं दवाखान्यात नाव सांगितलं होतं. चूक कशी झाली हे सांगायला त्याच्याहून योग्य माणूस कोण असणार?

याची मर्यादाही सांगते, कारण लोक माझ्याकडे तेही मागतात. घटस्फोटानंतर किंवा दुसऱ्या लग्नानंतर बदललेलं नाव, आवडीनं घेतलेलं नवं नाव, हे चूक-दुरुस्ती म्हणून मागता येत नाही. नोंद त्या दिवशी बरोबर असेल, तर ती चूक नव्हे. आणि बापाचं नाव काढून दुसऱ्याचं घालणं हा तर पितृत्वाचा प्रश्न आहे, तो निबंधकाच्या खिडकीवर सुटणारा नाही. तिथे निबंधकांनी ठामपणे नाही म्हणावं. माझी तक्रार नकाराबद्दल नाही. तोंडी नकाराबद्दल आहे.

"होत नाही" एवढं ऐकून माणूस परत जातो. त्याच्या हातात अर्जाची पोच नसते, नकाराचं कारण नसतं, तारीख नसते. २०२३ च्या दुरुस्तीनं कलम २५-क आणलं. निबंधकाच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा निबंधकाकडे आणि जिल्हा निबंधकाच्या निर्णयाविरुद्ध मुख्य निबंधकाकडे ३० दिवसांत अपील करता येतं, आणि अपिलाचा निकाल ९० दिवसांत द्यायचा असतो. पण निर्णय कागदावरच नसेल तर ३० दिवस मोजायचे कुठून? निबंधकांनी अर्ज नाकारायचा तर खुशाल नाकारावा, पण एका ओळीचं का होईना, लेखी कारण द्यावं. "आईच्या सासरच्या नावाचा २०१८ पूर्वीचा पुरावा जोडलेला नाही" अशी ओळ मिळाली, तर तो पुरावा शोधायला माणूस घर उलथंपालथं करील. मुलीच्या प्रकरणात शेवटी काम झालं ते अशाच एका लेखी ओळीमुळे. ज्या कर्मचाऱ्यानं ती लिहून दिली त्याचे मी आभार मानते.

आता मागण्या.

पहिली जिल्हाधिकाऱ्यांना. बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव या जिल्ह्यांतून टोळ्या निघतात. जातात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे या भागांत. दोन्हीकडच्या जिल्हाधिकाऱ्यांनी मिळून एवढं ठरवावं की विलंबित नोंदीचा आणि दुरुस्तीचा अर्ज राहत्या तालुक्याच्या तहसील कार्यालयात घेतला जाईल, कागद मूळ प्रतीवरून तिथेच पडताळले जातील, अर्जदाराचा जबाब तिथेच होईल आणि संपूर्ण प्रकरण जन्मठिकाणच्या उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे किंवा निबंधकाकडे पाठवलं जाईल. आदेश त्यांचाच, नोंद त्यांच्याच वहीत. कायद्यातल्या अधिकाराला यानं धक्का लागत नाही. फक्त माणसाऐवजी कागद प्रवास करतो. आईचं माहेर-सासरचं नाव, शिधापत्रिका, घर यांची खातरजमा राहत्या गावातच नीट होते, हे पोलिसांनाही माहीत आहे. जन्म कर्नाटकात झाला असेल तर नोंद तिथल्या निबंधकाकडेच होणार. तिथे निदान मार्गदर्शनाचं पत्र देऊन कुटुंबाला पाठवता येईल.

दुसरी पोलिसांचा अभिप्राय मागवताना. उपविभागीय दंडाधिकाऱ्यांनी नुसतं "पडताळणी करून अहवाल द्यावा" असं न लिहिता, कोणाचे जबाब घ्यायचे ते लिहावं: शेतकरी, आशा, आरोग्यसेविका, कारखान्याचा शेतकी विभाग. आणि अर्जदार आज तिथे राहत नाही हे अर्ज फेटाळण्याचं कारण होणार नाही, हेही त्यात घालावं.

तिसरी राज्य शासनाला, आणि ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण यामुळे विलंबाची वेळच येणार नाही. जन्माची खबर कोणी द्यायची हे कलम ८ मध्ये ठरलेलं आहे. घरात जन्म झाला तर कुटुंबप्रमुखानं, दवाखान्यात झाला तर प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्यानं. चालत्या वाहनात झाला तर वाहनाच्या ताबेदारानं पहिल्या थांब्यावर, असं नियमच सांगतो. ट्रॅक्टरमध्ये बाळंत झालेल्या बायकांच्या बाबतीत हा नियम कुणी पाळलेला मी पाहिला नाही, पण तो आहे. चहा-कॉफीच्या मळ्यांसाठी कलम ९ मध्ये खास तरतूद आहे, तिथे मळ्याच्या अधीक्षकावर जबाबदारी टाकलेली आहे. ज्यानं तो कायदा लिहिला त्याला कळलं होतं की मळ्यावरच्या मजूर बाईला गावातल्या कचेरीपर्यंत पोचणं अवघड आहे. ऊस त्या यादीत नाही. मळा किमान चार हेक्टरांचा हवा अशी अट असल्यामुळे आणि टोळी रोज वेगळ्या शेतकऱ्याच्या रानात असल्यामुळे ती तरतूद उसाला जशीच्या तशी लावणं अवघडही जाईल. पण वर न सांगितलेल्या इतर ठिकाणच्या जन्माची खबर कोणी द्यायची, हे नियमानं ठरवायला कलम ८ मध्येच जागा आहे. त्या जागेचा उपयोग करा. तोडणीच्या मुक्कामावर जन्म झाला तर कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यानं किंवा गटप्रमुखानं तिथल्या निबंधकाला २१ दिवसांत खबर द्यावी, असा नियम करा. कारखान्याला टोळी कुठे आहे हे रोज माहीत असतं. त्याशिवाय उसाच्या गाड्या गाळपाला येतच नाहीत.

हा नियम होईपर्यंत आशाताईंना एक सूचना तरी द्या. कोपीतल्या बाळाला पहिली लस दिली जाताना जन्माच्या खबरीचा नमुनाही भरून घ्यावा आणि तो ग्रामपंचायतीत पोचवावा. बाळंतपणाला हजर असणाऱ्या दाईवर किंवा आरोग्य कर्मचाऱ्यावर खबर देण्याचं कर्तव्य कलम १० नं टाकलेलंच आहे. ते काम आशाताईंवर फुकट लादू नका, त्याचा मोबदला ठरवा. आशाताई कोपीपर्यंत पोचतात, हे मी या मुलाच्या कार्डावर पाहिलं आहे.

मुलाचा अर्ज उपविभागीय दंडाधिकाऱ्यांपुढे आहे. पहिला अहवाल "आढळून आले नाही" असा आला. आम्ही शेतकऱ्याचं आणि आरोग्यसेविकेचं नाव देऊन फेरपडताळणी मागितली आहे. टोळ्या दसऱ्यानंतर निघतात. त्याआधी, कुटुंबं गावात असताना, तालुक्या-तालुक्यात एकेक दिवस अशा प्रकरणांसाठी ठेवावा आणि राहत्या गावी अर्ज घेण्याची सुरुवात यंदाच्या हंगामापासूनच करावी, ही विनंती.

आपली,
ऊसतोड कुटुंबांची कागदपत्रं करणारी एक कार्यकर्ती
बीड जिल्हा